तीन महिन्यांनंतरचा दाखला

बळवंत जगदाळे पहिल्यांदा घरी आले तेव्हा हेरंबने स्वतःचे कागद काढून ठेवले होते. पगाराची स्लिप, जुनी पॉलिसी, जन्मदाखला, सगळं एका फाइलमध्ये नीट लावून. २००५ सालचा तो मार्च होता. दिल्लीत, द्वारकेतला फ्लॅट घेऊन दीड वर्ष झालं होतं, सोसायटीच्या पलीकडे मेट्रोचे खांब उभे राहत होते, आणि बाल्कनीत उभं राहिलं की कपड्यांवर सिमेंट बसायचं.

बळवंतराव लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे कोरेगावकडचे, पण नोकरीची शेवटची वर्षं दिल्ली कँटमध्ये गेली, मुलगा इथेच शिकत होता, म्हणून पालमला घर करून राहिले. विमा क्षेत्रात खाजगी कंपन्या आल्या तेव्हा शंभर तासांचं प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन एजंट झाले. त्यांनी हेरंबची फाइल उघडली, पगाराची स्लिप पाहिली आणि बंद केली.

"सर, घराचा हप्ता कुणाच्या पगारातून जातो?"

हेरंब जनकपुरीतल्या एका खाजगी शाळेत फिजिक्स शिकवायचा. त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्याची बायको प्रज्ञा चहा गाळत होती.

"तिच्या," तो म्हणाला.

"आणि लेकीच्या, क्षिप्राच्या नावाने म्युच्युअल फंडात दर महिन्याला जातात ते?"

"तिच्याच."

"मग विमा ताईंचा काढायचा. तुमचाही काढू, पण आधी ताईंचा."

प्रज्ञा नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होती. हेरंबच्या चौपट कमावायची. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते कधी मोठ्याने बोलत नसत. फ्लॅट, गाडी, साताऱ्याला हेरंबच्या आईवडिलांना जाणारे पैसे, क्षिप्राच्या पुढच्या शिक्षणाची सोय, सगळं त्या एका पगारावर चाललं होतं.

"मला काही झालं तर पैसे मिळतील," प्रज्ञा ट्रे ठेवत म्हणाली. "ते कळतं मला. तीस लाखांचा टर्म घेऊच."

"ताई, माणूस गेला तर विमा देतोच. माणूस राहिला आणि पगार गेला तर?" बळवंतराव म्हणाले. "आमच्यात एखाद्या जवानाचा पाय गेला तर त्याला डिसेबिलिटी पेन्शन मिळते. तुमच्यात कोण देणार? म्हणून टर्मला जोडून हा क्रिटिकल इलनेसचा रायडर म्हणतोय. मोठा आजार झाला, त्यांच्या यादीतला आणि त्यांच्या व्याख्येत बसणारा, तर माणूस जिवंत असताना एकरकमी पैसे. पंधरा लाख. टर्मचे तीस लाख वेगळे, ते कमी होत नाहीत. मला यात कमिशन आहे, ते आधीच सांगून ठेवतो."

"माझ्या कंपनीचं आहे की डिसेबिलिटी कव्हर."

"ते अपघाताचं असेल. कागद बघून घ्या. आणि नोकरी सोडली की तेही सुटतं."

फॉर्म भरताना एका ओळीवर अडलं. पूर्वी कधी रक्तदाबाचा त्रास झाला होता का? क्षिप्राच्या वेळी सातव्या महिन्यात प्रज्ञाचं प्रेशर खूप वाढलं होतं, आठ दिवस दवाखान्यात राहावं लागलं होतं. बाळंतपणानंतर सगळं ठीक झालं.

"ते कशाला लिहायचं?" हेरंब म्हणाला. "आठ वर्षं झाली. आता गोळीसुद्धा नाही."

"विचारलंय ना सर, मग लिहायचं."

"हप्ता वाढेल."

"वाढेल."

हप्ता वाढला. विमा कंपनीने प्रज्ञाच्या तपासण्या करून घेतल्या आणि जवळजवळ एक तृतीयांश जास्त पैसे मागितले. हेरंबच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचा मेहुणा तीच पॉलिसी "क्लीन", म्हणजे जुना त्रास न लिहिता, करून द्यायला तयार होता. चार दिवस घरात त्यावर वाद झाला. शेवटी प्रज्ञानेच वाढीव हप्त्याच्या पत्रावर सही केली, ऑफिसची कॅब खाली हॉर्न देत असताना, पत्र फ्रिजला टेकवून.

*

२००८ च्या जानेवारीत, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, प्रज्ञा मीटिंगमध्ये फळ्यावर लिहीत होती आणि मार्कर तिच्या हातातून पडला. तिने तो उचलायचा प्रयत्न केला, पण उजवा हात पुढे गेलाच नाही. समोरच्या मुलीने विचारलं, "मॅम, आर यू ओके?" प्रज्ञाने उत्तर दिलं, पण त्या उत्तरातला एकही शब्द कुणाला कळला नाही.

ऑफिसच्या लोकांनी तिला लगेच हॉस्पिटलमध्ये नेलं. हेरंब वर्गात होता, तिथून निघून रिंग रोडच्या गर्दीतून नोएडाला पोचायला त्याला दोन तास लागले. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, जिवाचा धोका टळलाय. बाकीचं हळूहळू कळेल.

अठरा दिवसांनी ती घरी आली. उजवा पाय ओढत चालत होती. उजवा हात खांद्यापासून हलायचा, पण बोटं ऐकत नव्हती. आणि शब्द सापडत नव्हते. समजायचं सगळं, पण बोलायला गेलं की वाक्य मध्येच थांबायचं.

हॉस्पिटलचं बिल ऑफिसच्या मेडिक्लेममधून बहुतेक भागलं. हेरंबला वाटलं, आता डिसेबिलिटीचं कव्हरही येईल. त्याने कंपनीच्या एचआरला फोन केला. तिकडची मुलगी खरोखर वाईट वाटून बोलत होती.

"सर, वो पॉलिसी सिर्फ ॲक्सिडेंट के लिए है. स्ट्रोक बीमारी में आता है. आय एम सो सॉरी." कंपनी तीन महिने पूर्ण पगार देणार होती, पुढचे तीन महिने अर्धा. त्यानंतर "देखेंगे" म्हणाली.

त्या संध्याकाळी हेरंबने बळवंतरावांना बोलावलं. त्यांनी क्लेमची सूचना आधीच, प्रज्ञा हॉस्पिटलात असतानाच, विमा कंपनीला देऊन ठेवली होती. आता त्यांनी पॉलिसीतलं ते पान उघडून हेरंबसमोर धरलं.

"स्ट्रोक यादीत आहे. पण व्याख्या वाचा. नुसता झटका आला म्हणून पैसे देत नाहीत, कारण पुष्कळ लोक महिन्याभरात पूर्ण बरे होतात. झटक्यानंतर किमान तीन महिने मज्जासंस्थेचं नुकसान टिकलेलं असलं पाहिजे आणि ते कायमचं आहे असं न्यूरोलॉजिस्टने लिहून दिलं पाहिजे. एमआरआय आहेच आपल्याकडे. दाखला एप्रिलच्या मध्यावर."

"म्हणजे ती बरी झाली तर पैसे नाहीत?"

"पूर्ण बरी झाली तर नाहीत," बळवंतराव म्हणाले. "पूर्ण बऱ्या झाल्या तर कामावर जातील. पगार येईल."

हेरंबने मान डोलावली. त्या क्षणी त्याला ते पटलंही होतं.

*

सकाळी नऊला फिजिओथेरपिस्ट यायची, शैलजा नायर नावाची, बोलायला मवाळ पण कामाला कडक. ती प्रज्ञाकडून मऊ चेंडू दाबून घ्यायची, टेबलावर पसरलेले राजमे एकेक उचलायला लावायची. संध्याकाळचा व्यायाम हेरंबने घ्यायचा होता. बोलण्याचा सराव क्षिप्राकडे होता. दहा वर्षांची क्षिप्रा दिल्लीतच वाढलेली, तिची मराठी अर्धी हिंदीवर चालायची. ती घरातल्या वस्तू आणून आईसमोर धरायची.

"आई, हे काय?"

प्रज्ञा किसणीकडे बघत राहायची. ओठ हलायचे. "की... का..."

"कद्दूकस!" क्षिप्रा म्हणायची.

"नाही. आप... आपल्यात."

"आपल्यात काय म्हणतात? मला पण नाही माहीत."

मग दोघी हसायच्या. स्वयंपाकघरातून हेरंब ओरडून सांगायचा, "किसणी!" आणि त्या दोघी पुन्हा पुन्हा तो शब्द म्हणायच्या, क्षिप्रासुद्धा पहिल्यांदाच शिकत असल्यासारखी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रज्ञाने एक राजमा अंगठा आणि तर्जनीत पकडून वाटीत टाकला. शैलजाने टाळी वाजवली. "बहुत बढ़िया! दो महीने में देखना, बटन भी लगा लेंगी." क्षिप्रा नाचली. हेरंबही हसला, आणि हसता हसता त्याच्या मनात एप्रिलचा विचार आला.

पुढचे काही दिवस तो विचार जाईना. एप्रिलपर्यंत हात सुधारला, बोलणं सुधारलं, डॉक्टरने "रिकव्हर्ड" लिहिलं, तर पंधरा लाख गेले. आणि एवढी सुधारणा झाली तरी ती वीस माणसांची टीम चालवू शकेल का? तो तर वर्गात रोज बोलणारा माणूस, त्याला ठाऊक होतं की शब्दासाठी पाच सेकंद थांबणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात. म्हणजे नोकरीही नाही आणि विमाही नाही, या दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात आपण पडणार. घराचा हप्ताच एकतीस हजार होता. त्याचा पगार होता एकोणीस.

त्याने शैलजाला फोन करून सांगितलं की रोजचं परवडत नाही, आठवड्यातून दोनदा या. ते खोटं नव्हतं, म्हणून सांगणं सोपं गेलं. मग संध्याकाळचा व्यायाम एक दिवस चुकला, वह्या तपासायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी प्रज्ञाने स्वतः डाव्या हाताने चेंडूकडे बोट दाखवलं, तर तो म्हणाला, "आज राहू दे, तू दमलीयस."

ती दमलेली नव्हती. पण ते सांगायला तिला वाक्य जुळवावं लागलं असतं.

दहा-बारा दिवसांनी बळवंतराव हॉस्पिटलच्या कागदांच्या प्रती न्यायला आले. दुपारचे चार वाजले होते, क्षिप्रा खाली खेळायला गेली होती. प्रज्ञा सोफ्यावर बसली होती, उजवा हात मांडीवर पालथा.

"ताई, फिजिओ काय म्हणतात?"

"नाही... येत. दोन." तिने डाव्या हाताची दोन बोटं दाखवली. "हेरंब... नको म्हण... म्हणाला. पैसे."

बळवंतरावांनी हेरंबकडे पाहिलं. हेरंब प्रती मोजत होता. त्या मोजून झाल्या होत्या तरी पुन्हा मोजत होता. बळवंतरावांनी चहा घेतला, क्षिप्राची चौकशी केली, आणि उठताना म्हणाले, "सर, जरा गाडीपर्यंत येता?"

खाली पार्किंगमध्ये स्कूटरपाशी ते थांबले.

"फिजिओचे महिन्याचे किती होतात?"

"सहा हजार."

"बँकेत नाहीत का?"

"आहेत. पण बळवंतराव, एक महिन्याचा तर प्रश्न आहे. दाखला मिळाला की रोज दोनदा बोलावीन. तेव्हा तर हातात पैसेही असतील."

बळवंतरावांनी हेल्मेट सीटवर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून हेरंबला जास्त अवघड झालं.

"डॉक्टरांनी पहिल्या महिन्यांबद्दल काय सांगितलं होतं?"

"सुधारणा सगळ्यात जास्त याच काळात होते."

"म्हणजे हा महिना परत नाही मिळणार."

"मग मी काय करू?" हेरंबचा आवाज चढला. "तुम्हाला माहितीये घर कशावर चालतं. तुम्हीच त्या दिवशी विचारलंत, हप्ता कुणाच्या पगारातून जातो. तिचा पगार गेला की आम्ही संपलो. मी रात्रंदिवस शिकवण्या घेतल्या तरी..." शेजारच्या गाडीला टेकून तो उभा राहिला आणि रडला. समोरून सोसायटीचा चौकीदार येत होता, तो दुसरीकडे वळला.

त्याचं रडणं ओसरल्यावर बळवंतराव म्हणाले, "हा विमा मी विकला तो ताईंना काही झालं तर घराला श्वास घेता यावा म्हणून. ताईंचा हात विकायला नाही विकला. सर, मी एजंट आहे, क्लेम मिळाला की माझंही नाव होतं. पण त्या फॉर्मवर आपण खरं लिहिलं होतं. आता दाखलाही खराच जायला पाहिजे. नुकसान राहिलं तर ते तुम्ही न लपवता दिसेल. न राहिलं तर देवाची कृपा म्हणू, आणि मग घराचं काय करायचं ते दुसऱ्या मार्गाने बघू. फ्लॅट विकावा लागला तरी मी बरोबर येईन."

"तिला सांगू नका."

"मी नाही सांगणार," बळवंतराव म्हणाले. "तुम्ही सांगाल."

*

हेरंबने त्याच संध्याकाळी सांगितलं. क्षिप्रा येण्याआधी, प्रज्ञासमोर वेताच्या मोड्यावर बसून, काहीही न गाळता. व्याख्या काय आहे, त्याला कशाची भीती वाटली, शैलजाला काय सांगितलं, संध्याकाळी चेंडू का दिला नाही.

प्रज्ञाने सगळं ऐकलं. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. तिला पुष्कळ बोलायचं होतं ते दिसत होतं, आणि त्यातलं काहीच बाहेर येत नव्हतं. तिने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"माझा," ती म्हणाली. "हा... माझा आहे."

"हो."

"पंधरा..." ती थांबली. लाख हा शब्द तिला सापडला नाही. तिने तो सोडून दिला. "विचार... विचारायचं. मला."

"चुकलो मी."

त्या दिवशी ती त्याच्या हातचं जेवली नाही. क्षिप्राने वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हेरंबने शैलजाला फोन केला तेव्हा प्रज्ञा शेजारी बसून होती. तिने फोन मागितला, आणि बराच वेळ घेऊन, हिंदीत, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "रोज... आना. दो बार."

एप्रिलपर्यंत ती दिवसातून चार तास सराव करत होती. हेरंब शाळेतून आला की शर्टही न बदलता तिच्यासमोर बसायचा. राजमे झाले, मग वाटाणे, मग पेपरच्या पानाला घडी घालणं. चालणं जवळजवळ सरळ झालं. वाक्यं लांबली. एकदा क्षिप्राला रागावताना ती सलग तीन वाक्यं बोलली, आणि क्षिप्राने रुसायचं विसरून टाळ्या वाजवल्या.

न्यूरोलॉजिस्टने पंधरा एप्रिलला बोलावलं. प्रज्ञाने आवर्जून इस्त्रीची साडी नेसली, निऱ्या मात्र हेरंबने घातल्या. डॉक्टर वयस्कर होते, घाई करत नव्हते. त्यांनी तिला चालायला लावलं, डोळे मिटून उभं राहायला लावलं, दोन्ही हातांनी आपली बोटं दाबायला सांगितलं. टेबलावर एक रुपयाचं नाणं ठेवलं. तिने ते तीनदा प्रयत्न करून उचललं आणि तळहातावर येताना ते निसटलं. मग ते म्हणाले, महिन्यांची नावं डिसेंबरकडून उलटी सांगा. ती डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर म्हणाली, सप्टेंबरवर अडकली. कपाळावर घाम आला. ती पुन्हा डिसेंबरपासून सुरू झाली, पुन्हा तिथेच अडकली. हेरंबने ओठ घट्ट मिटून घेतले होते. शब्द त्याच्या तोंडाशी आला होता.

शेवटी डॉक्टरांनी एक परिच्छेद वाचायला दिला आणि त्याचा अर्थ लिहायला सांगितला. तिने दीड ओळ लिहिली.

"आप बहुत मेहनत कर रही हैं," डॉक्टर म्हणाले. "थोड़ा और सुधार होगा. पर कुछ कमी रहेगी. हाथ के बारीक काम में, और शब्दों में. मैं यही लिख रहा हूँ."

दोघं रिक्षात बसली.

"पास... की नापास?" प्रज्ञाने विचारलं.

हेरंबने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "दाखला मिळाला," तो म्हणाला.

"म्हणजे नापास." ती बाहेर बघत होती. "मी... सगळा जोर लावला होता, हेरंब."

"मला माहितीये."

आतापर्यंत तो या कागदाची वाट बघत होता. आता तो शर्टाच्या खिशात होता, आणि त्याला प्रज्ञाकडे बघवत नव्हतं.

*

पैसे लगेच आले नाहीत. पॉलिसीला तीन वर्षंच झाली होती, म्हणून विमा कंपनीने चौकशीसाठी माणूस पाठवला. तो जुन्या प्रसूतिगृहातून १९९७ चे कागद घेऊन आला आणि त्याने ते हेरंबसमोर ठेवले. "सर, हाय बीपी की हिस्ट्री है." बळवंतरावांनी आपल्या फाइलमधून प्रस्तावाच्या फॉर्मची प्रत काढली. तिथे, त्या ओळीवर, गरोदरपण, सातवा महिना, आठ दिवस दवाखाना, सगळं लिहिलेलं होतं, आणि खाली वाढीव हप्त्याचं पत्र. माणसाने ते वाचलं, प्रत मागून घेतली आणि गेला. तेरा जूनला पंधरा लाखांचा चेक आला.

तोपर्यंत अर्धा पगार चालू होता. जुलैमध्ये तिच्या कंपनीने प्रज्ञाचा राजीनामा घेतला. निरोपाला दोन मुली घरी आल्या, मोठा पुष्पगुच्छ घेऊन, आणि दहा मिनिटांत उठल्या.

पैशांचं काय करायचं त्याचा निर्णय प्रज्ञाने केला. बोलायला वेळ लागायचा, पण आकड्यांत तिची बुद्धी पूर्वीसारखीच होती. कागदावर डाव्या हाताने वेडेवाकडे लिहून ती दाखवायची. हेरंबला सगळं कर्ज फेडून टाकायचं होतं. तिने मान हलवली. निम्म्या पैशांनी कर्ज कमी करून हप्ता अर्ध्यावर आणायचा, बाकीचे बँकेत ठेवायचे, दोन वर्षांचं घर त्यावर चालेल असे. गाडी विकायची. क्षिप्राच्या फंडातले हप्ते थांबवायचे, पण साठलेल्याला हात लावायचा नाही.

"आणि ताईंच्या टर्मचा हप्ता चुकवू नका," बळवंतराव म्हणाले. "रायडर वापरला गेला, पण तीस लाख तसेच आहेत. आता नवी पॉलिसी ताईंना कुणी देणार नाही. ही बंद पडली तर संपलं." मग ते हेरंबकडे वळले. "आता गाडा तुमच्यावर आहे, सर. तुमचा फॉर्म भरायचाय."

हेरंबने दोन वर्गांच्या शिकवण्या घरी सुरू केल्या. बैठकीतला सोफा भिंतीला लावून बाकं आणली. फॉर्मवर त्याने स्वतःची वाढलेली साखर लिहिली, आणि प्रज्ञाने पेन त्याच्याकडून घेऊन वजनाचा आकडा दुरुस्त केला. त्याने चार किलो कमी लिहिले होते.

त्या हिवाळ्यात ती सोसायटीतल्या एका छोट्या कंपनीचे हिशेब तपासायला लागली, दिवसाचे तीन तास, पूर्वीच्या पगाराच्या एका कोपऱ्याएवढ्या पैशांवर. तिथे जायला जिने उतरून, बागेला वळसा घालून पलीकडच्या इमारतीत जावं लागे. पहिल्या दिवशी हेरंब बरोबर निघाला, तर तिने फाटकापाशी त्याला थांबवलं.

"वर्ग आहे तुझा," ती म्हणाली. "मुलं येतील."

तो वर गेला. मुलं आली होती, क्षिप्राने दार उघडून त्यांना बसवलं होतं. त्याने फळ्यावर तारीख लिहिली आणि शिकवायला सुरुवात केली.